पत्रपेटीतून जाणारी गुळपोळी

उकडीचा मोदक टपालाने जात नाही. उकड ओली, सारणातला नारळ ओला, आणि वाफेवरून उतरल्यावर पदार्थ गरम असतानाच डब्यात बंद केला तर झाकणाला आतून घाम येतो. लंडनजवळच्या गावातून सोमवारी निघालेलं पार्सल स्कॉटलंडात ॲबर्डीनला बुधवारी पोचतं. तोवर त्या मोदकाची पारी चिवट झालेली असते आणि खोबऱ्याला आंबूस वास सुटलेला असतो. तरीही परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला मिठाई करणारी कुणी इंटरनेटवर सापडली, की त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : ‘ताई, उकडीचे मोदक पाठवाल का?’

ही गोष्ट एका ताईची म्हणून सांगतो आहे. ती एकच बाई नव्हे. ब्रिटनमध्ये घरच्या ओट्यावर मिठाई करून विकायला निघालेल्या बायकांच्या वाटेत जी वळणं येतात, ती इथे एकीच्या वाटेवर आणून ठेवली आहेत. कायदे, मापं आणि तारखा मात्र जशा आहेत तशाच आहेत.

ताई नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आली. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला तिथे स्वतःचा व्यवसाय करता येतो. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना तो करता येत नाही. त्यामुळे तिला व्हिसाची आडकाठी नव्हती. तिचा बेत सरळ होता. शनिवारच्या बाजारात एक टेबल मांडायचं, वेलदोड्याची नानकटाई, केशराचं श्रीखंड छोट्या कपांतून आणि नारळाची वडी विकायची. गिऱ्हाईक इंग्रज. चहाबरोबर बिस्किट खाणाऱ्या माणसाला नानकटाई समजावून सांगावी लागत नाही, हा तिचा हिशेब चांगलाच होता. दोन-तीन वर्षांत एक छोटं दुकान, असं पुढचं चित्र.

पहिली पायरी कागदाची. ब्रिटनमध्ये घरातून खाद्यपदार्थ विकायचे असतील तर विक्री सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत असते. नंतर कौन्सिलचा अधिकारी स्वयंपाकघर पाहायला येतो : हात धुण्याची सोय, फ्रीजचं तापमान, पिठं कशात भरून ठेवली आहेत, घरचा स्वयंपाक आणि विक्रीचा स्वयंपाक वेगळा कसा ठेवता. वर्षाला 1000 पौंडांपर्यंतची अशी जोडकमाई कर खात्याला कळवावी लागत नाही, पण कौन्सिलची नोंदणी मात्र पहिल्या पौंडापासूनच लागते. अनेकींची इथे गल्लत होते. कर लागत नाही म्हणजे परवानगीही लागत नाही, असं त्या धरून चालतात.

बाजारात टेबल लागलं, नानकटाई बऱ्यापैकी खपली. इंस्टाग्रामवर ताईने टाकलेल्या फोटोंपैकी एक फोटो मात्र विक्रीचा नव्हताच. घरच्या दिवाळीसाठी केलेल्या चिरोट्यांचा होता. पदर सुटलेले, वरून पिठीसाखर भुरभुरलेली. तो फोटो कुणीतरी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला आणि तिथून तो बाकीच्या गटांत गेला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं. पण आता मराठी माणसं लंडनपुरती नाहीत. कार्डिफच्या रुग्णालयात नर्स आहे, हलमध्ये एम.एस. करणारा मुलगा आहे, बेलफास्टमध्ये एकटंच मराठी कुटुंब आहे. लंडन-लेस्टरच्या भारतीय दुकानांत गुजराती आणि पंजाबी मिठाई भरपूर मिळते. चिरोटे, अनारसे, गुळपोळी मिळत नाही. आणि भारतातून येताना सामानात दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, म्हणजे आईने बांधून दिलेल्या पेढ्यांचा मार्गही बंद.

आठवडाभरात निरोपांची रांग लागली. त्यांत नानकटाई कुणी मागितली नव्हती.

या निरोपांत दोन गोष्टी सारख्या होत्या, आणि त्या ताईच्या बाजारातल्या गिऱ्हाइकांत अजिबात नव्हत्या. एक म्हणजे तारीख. इंग्रज गिऱ्हाईक या शनिवारी नाही आलं तर पुढच्या शनिवारी येतं. पण संक्रांतीची गुळपोळी संक्रांतीलाच हवी, दोन दिवसांनी मिळून उपयोग नाही. दुसरी गोष्ट अंतर. मागणारा कधीच शेजारी नव्हता. तेव्हा ताईला काय उत्तम करता येतं हा प्रश्न बाजूला पडला आणि दोन-तीन दिवसांचा प्रवास करून ठरल्या दिवशी नीट काय पोचेल, हा प्रश्न समोर आला.

याचं उत्तर पदार्थातल्या पाण्यात आहे. पाणी किती आहे यापेक्षा ते किती मोकळं आहे, याला महत्त्व. साखर, गूळ, मीठ पाण्याला धरून ठेवतात. धरलेलं पाणी जिवाणूंना वापरता येत नाही. अन्नतंत्रज्ञ हे ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ नावाच्या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याची 1. साधारण 0.85 च्या खाली आजार आणणारे जिवाणू वाढत नाहीत, पण बुरशी त्याच्याही बरीच खाली तग धरते. 0.6 च्या खाली कुणीच वाढत नाही. उकडीचा मोदक आणि पुरणपोळी या मापावर अगदी वर, म्हणून दिवस-दोन दिवसांचे. पाकातला रवा-नारळ लाडू मध्ये कुठेतरी. ओलं खोबरं घातलं की तो वर सरकतो, म्हणून चौथ्या दिवशी फोडला तर कधीकधी आत तार सुटते. बेसनाचा लाडू तळाशी. त्यात पाणी जवळजवळ नाहीच, आहे ते तूप. तो बुरशीने सहसा जात नाही, तूप खवट झाल्याने जातो, आणि खवट वास नाकाला लगेच कळतो.

म्हणजे बेसनाचा लाडू टपालासाठी आदर्श वाटतो. इथे इंग्लंडची हवा आडवी येते. हिवाळ्यात तिथल्या स्वयंपाकघरात तूप घट्ट गोठतं. लाडू वळताना कोरडा वाटतो आणि हात आपोआप आणखी तुपाकडे जातो. असा जास्त तुपाचा लाडू थंड ओट्यावर सुरेख गोल दिसतो, पण पार्सल उबदार गाडीत चार तास राहिलं की बसतो आणि पोचतो तेव्हा पेढ्यासारखा चपटा झालेला असतो. ताई एक किलो जाडसर बेसनाला 600 ग्रॅमच्या वर तूप जाऊ देत नाही. मिश्रण कोरडं वाटलं तर तूप वाढवण्याऐवजी परात कोमट पाण्यावर ठेवते, म्हणजे आहे तेच तूप मोकळं होतं.

याच घाण्यावर तिने पहिल्यांदा पैशांचा हिशेब मांडला. एक किलो बेसन, 600 ग्रॅम तूप, 800 ग्रॅम पिठीसाखर मिळून 2.4 किलो, 40 ग्रॅमचे 60 लाडू. मंद आचेवर भाजणं, वळणं, भरणं, लेबल लावणं, पोस्टात नेणं असे सारे मिळून तीन तास धरले. एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचं किमान वेतन तासाला 12.21 पौंड झालं होतं. तेवढंच स्वतःला लावलं तरी 36.63 पौंड, म्हणजे लाडवामागे 61 पेन्स नुसती मजुरी. त्यावर तूप, बेसन, डबा, टपाल. सुरुवातीला ताई ही मजुरी धरतच नव्हती. घरच्या घरी करते, मग स्वतःच्या वेळाचे पैसे काय लावायचे, ही सवय आपल्या बायकांच्या अंगात फार खोल मुरलेली आहे, आणि अशा व्यवसायाची दुसरी दिवाळी येत नाही याचं ते एक मोठं कारण असतं. पुण्यातल्या दुकानाच्या दराशी तुलना करणारं गिऱ्हाईकही येतं. त्याला ताई नम्रपणे नाही म्हणते.

टपालाचा दर दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचा ठरला. ब्रिटनमध्ये 35.3 बाय 25 सेंटिमीटरच्या आत, अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी जाड आणि 750 ग्रॅमच्या आत असलेलं पाकीट ‘लार्ज लेटर’ म्हणून जातं. ते पार्सलपेक्षा स्वस्त पडतं, आणि मुख्य म्हणजे दाराच्या पत्रपेटीच्या फटीतून आत पडतं. माणूस कामावर असला तरी चालतं. लाडू या फटीतून जात नाही. चार सेंटिमीटरची कोणतीही गोल मिठाई जात नाही. गुळपोळी जाते.

गुळपोळीच्या मागे ताई अशी लागली, ते या अडीच सेंटिमीटरांमुळे. किसलेला मऊ गूळ, भाजून कुटलेले तीळ, थोडं तेलात खमंग भाजलेलं बेसन, खसखस, वेलदोडा. कणकेला कडकडीत तेलाचं मोहन. दोन लाट्यांमध्ये गुळाची चपटी गोळी ठेवून पातळ लाटायची आणि गूळ कडेपर्यंत पोचवायचा. कडेला गूळ नसलेली पोळी आपल्याकडे कुणी वाखाणत नाही. भाजल्यावर तिला जाळीवर पसरून पूर्ण गार करणं हा टपालाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक टप्पा. जरा कोमट असताना एकावर एक रचली तर वाफ अडकते, पोळी सादळते, आणि पाकिटातून लवचीक पोळ्यांचा गठ्ठा निघतो. नीट गार केलेली पोळी कडक राहते आणि आठ-दहा दिवस सहज टिकते. कडक पोळी प्रवासात मोडते, हे खरं. मधल्या पोळ्या शाबूत राहाव्यात म्हणून ताई वरखाली जाड पुठ्ठा घालते आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगते की एखादी पोळी तुटलेली निघेल. त्यावरून कुणी भांडत नाही, तूप लावून तुकडे खातात.

याच पोळीने आणखी एक दार उघडलं. आम्स्टरडॅम आणि म्युनिकहून निरोप येत होते. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ साध्या पार्सलने पाठवता येत नाहीत. पेढे नाहीत, श्रीखंड नाही, आणि तुपात वळलेल्या मिठाईसाठी लागणारे कागद एका घरगुती स्वयंपाकघराला झेपणारे नाहीत. तेलावरच्या गुळपोळीत प्राणिज काही नसतं. कस्टम्सचा फॉर्म भरला की ती जाऊ शकते. ताईने तुपाचं मोहन सोडून तेलाचं धरलं ते यासाठी.

आता लेबलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथली चूक गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतते. 2016 मध्ये नताशा एडनान-लॅपरूस ही 15 वर्षांची मुलगी एका सँडविचमुळे वारली. पावाच्या पिठात तीळ होते, ते पाकिटावर लिहिलेले नव्हते आणि तिला तिळाची ॲलर्जी होती. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्याने कायदा बदलला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून विक्रीच्या जागीच आधी पॅक करून ठेवलेल्या पदार्थांवरही पूर्ण घटकांची यादी सक्तीची झाली. एकूण 14 ॲलर्जीजनक घटक त्या यादीत ठळक छापावे लागतात. टपालाने विकताना ही माहिती गिऱ्हाइकाने पैसे भरण्याआधी आणि माल हातात पडताना, अशी दोनदा मिळायला हवी.

आपल्या फराळाकडे त्या यादीतून पाहिलं की तो वेगळाच दिसतो. तुपात दूध, रव्यात आणि मैद्यात गहू, तिळगुळात तीळ, चिवड्यात शेंगदाणे, हे सरळ आहे. बेसन यादीत नाही, नारळ नाही, खसखसही नाही. फसवतो तो हिंग. बाजारातला डबीतला हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. त्यामुळे तांदळाची आणि डाळींची चकली ‘गव्हाशिवाय’ म्हणून विकली तर ते खोटं ठरतं आणि सिलिॲक असलेल्या माणसाला त्रास होतो. दुसरी चारोळी. ती 14 च्या यादीत नावाने नाही, पण ती काजू आणि पिस्त्याच्याच कुळातली आहे. ताईने चारोळी बंद केली. लोकांनी विचारलं, तिने कारण सांगितलं.

अनारशांनी ताईचा मूळचा बेत पुरता बदलला.

अनारसे तयार करून पाठवायचे, असं तिने आधी ठरवलं होतं. पण तळलेला अनारसा तिसऱ्या दिवशी एकतर मऊ पडतो किंवा पाकिटाला तूप सोडतो. तेव्हा कार्डिफच्या एका बाईने लिहिलं : ‘ताई, तुम्ही तळू नका हो. पीठच पाठवा. तळणं मला येतं, तीन दिवस तांदूळ भिजवणं जमत नाही.’ नाशिक-पुण्याच्या बाजारात अनारशाचं तयार पीठ विकत मिळतंच. ताईला ते इथे सुचलं नव्हतं, कारण ती मिठाई विकायला बसली होती. लोकांना मिठाई हवी होतीच, पण दिवाळीच्या आदल्या रात्री घरात तळणीचा वास आणि मुलांची लुडबुड त्यांना त्याहून जास्त हवी होती. ते विकत देता येत नाही, पीठ देता येतं.

पिठाची रीत जुनीच. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून कापडावर जरा ओलसर राहतील इतपतच सुकवायचे, दळून बारीक चाळायचे, आणि किलोला पाऊण ते एक किलो गूळ किसून मळून गोळे दडपून ठेवायचे. बासमती इथे सर्वत्र मिळतो, पण ताईला त्याचा अनारसा कोरडा वाटला. दक्षिण भारतीय दुकानातला जुना सोना मसुरी तिला बरा जमला. खरी अडचण थंडीची. पुण्यात तिसऱ्या दिवशी तांदळाला जो हलका आंबूस वास येतो, तो 16 अंशांच्या खोलीत येतच नाही. आणि हीटरजवळ पातेलं ठेवलं तर अधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या, त्याही योग्य कारणाने. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भिजलेल्या, कोमट तांदळात ते वाढले तर त्यांतलं एक विष उष्णतेनेही जात नाही, म्हणजे पुढे तुपात तळून उपयोग नाही. ताईने पातेलं थंड जागीच ठेवलं, पाणी दिवसातून दोनदा बदललं, तापमानाची वही ठेवली, आणि तयार पिठाची आम्लता आणि वॉटर ॲक्टिव्हिटी प्रयोगशाळेतून तपासून घेतली. तिची आई सांगते की पीठ दोन महिने टिकतं. ताई पाकिटावर दोनच आठवडे छापते.

पाकिटाबरोबर एक चिठ्ठी जाते. लाटी खसखशीवर थापा, तुपात सोडताना खसखशीची बाजू वर, आच मंद, उलटू नका, झाऱ्याने वरून तूप उडवा, काढल्यावर उभे करून निथळू द्या. अनारसा ‘हसला’, म्हणजे तुपात जाळी सुटून विरघळायला लागला, तर गूळ जास्त झालाय. थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घ्या. फुललाच नाही आणि कडक झाला तर चमचाभर पिकलं केळं मळून घ्या. पहिला एकच तळून बघा. या चिठ्ठीवरून ताईला रात्री व्हिडिओ कॉल येतात. एकीकडे कढई, दुसरीकडे ताई, आणि तिसऱ्या चौकटीत साताऱ्याहून कुणाची तरी सासूबाई : ‘आच कमी कर गं आधी.’

दुकानाचा विचार ताईने सोडला. दुकान चालायला वर्षभर रोज कुणीतरी दारात यावं लागतं. तिची मागणी वर्षातून चार-पाच वेळा एकदम उसळते आणि मधे शांत असते. भाड्याच्या दुकानाला हे परवडत नाही. त्याऐवजी ती दिवाळीआधीचे तीन आठवडे तासांवर मिळणारं व्यावसायिक स्वयंपाकघर घेते, बाकी वर्ष घरातून चालवते. शनिवारचं टेबल महिन्यातून एकदाच लागतं. दिवाळीच्या ऑर्डरी एका ठरलेल्या आकड्यावर बंद होतात. पहिल्या वर्षी तिने कुणालाच नाही म्हटलं नाही आणि शेवटची पाकिटं भाऊबीजेनंतर पोचली. सणानंतर पोचलेल्या फराळाचे पैसे तिने परत केले, कोणी मागितले नव्हते तरी. मोदकांसाठी तिने वाटच बदलली : गणपतीला ती साच्याऐवजी हाताने पाकळ्या काढायचा वर्ग घेते आणि उकडीसाठी मापून भरलेली तांदळाची पिठी पाठवते. वाफ ज्याच्या त्याच्या घरी.

तिच्या पंचांगात बाजारातल्या कुणालाच ठाऊक नसलेला एक महिना आहे. साधारण 32 महिन्यांनी अधिक मास येतो आणि त्यात जावयाला 33 अनारसे द्यायची रीत आहे. 2023 मध्ये अधिक श्रावण 18 जुलैला लागला. ताई तेव्हा सुटीच्या तयारीत होती आणि एका आठवड्यात ऑर्डरी दिवाळीच्या निम्म्यावर गेल्या. लीड्सच्या मराठी मुलीशी लग्न केलेल्या इंग्रज जावयांसाठीही मागणी होती. 20 ग्रॅमची एक लाटी धरली तर 33 अनारशांना 660 ग्रॅम पीठ लागतं. पुठ्ठा आणि पाकीट धरून ते 750 ग्रॅमच्या आत बसतं, चपटं थापलं तर अडीच सेंटिमीटरांच्याही आत. तेव्हापासून तिचं अनारशाचं पाकीट त्याच मापाचं आहे. त्यानंतरचा अधिक मास ज्येष्ठाचा, 17 मे ते 15 जून 2026. त्याचे तांदूळ भिजत घालायचे तर ऑर्डरी एप्रिलमध्येच उघडाव्या लागतात, आणि मे महिन्यात इंग्लंडचं स्वयंपाकघर 16 अंशांचं नसतं, हेही तिने वहीत लिहून ठेवलं आहे.